समाईक जमिनीचा हिशेब

समाईकात जमीन घेणाऱ्यांना परस्परांविषयी खरेदीखताच्या दिवशी वाटणारा विश्वास पुढे दोन-तीन वर्षांत विरळ होत जातो, आणि तो विरळ होण्यास दर वेळी कोणाची लबाडीच कारणीभूत होते असे नाही. गावात राहून कागदपत्रांमागे फिरणाऱ्यास जे रोज दिसत असते ते दूर राहणाऱ्यास कोणी कळवीत नाही, आणि न कळलेल्या गोष्टींची जागा मग तर्ककुतर्क घेतात. पुणे जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीत, विकास योजनेच्या निवासी विभागात मोडणारी ८० आर शेतजमीन आम्ही सहा जणांनी जून २०२१ मध्ये घेतली. सहाही जण कोठे ना कोठे सातबाऱ्यावर नाव असलेले शेतकरी खातेदार. दोघांचे दोन-दोन आणि चौघांचा एकेक असे एकूण आठ हिस्से. जमिनीची बिनशेती व्हावी, रेखांकन मंजूर होऊन भूखंड पडावेत आणि प्रत्येकाने आपापला भूखंड वेगळा करून घ्यावा, एवढाच हेतू होता. ऑगस्ट २०२३ उजाडला तरी जमीन सातबाऱ्यावर शेतीच राहिली, आणि मुंबईस व नागपुरास राहणाऱ्या तिघा हिस्सेदारांस एक सविस्तर पत्र पाठविणे अपरिहार्य झाले.

हे पत्र कसे असावे याविषयी आमच्या मामांचे व त्यांच्या भाचीचे मत मुळापासून भिन्न होते. मामांची सारी हयात महसूल खात्यात गेली. अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, आणि या जमिनीचे दप्तर त्यांच्याकडे आहे. भाची बँकेत हिशेबतपासणीच्या कामावर होती. जमाखर्च तिच्याकडे आहे. दोघेही हिस्सेदार, तसाच मीही. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने दोघांचे बोलणे मी लक्षपूर्वक ऐकले, आणि अशा व्यवहारात पडलेल्या इतरांसही ते उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

मामा : माझे म्हणणे एवढेच, की पत्र आटोपशीर असावे. काम चालू आहे, कुळकायद्याचा शेरा कमी झाला, मोजणी झाली, रेखांकन दाखल करावयाचे आहे, एवढ्या चार ओळी पुरेत. आपण लिहिलेला प्रत्येक कागद हा दस्तऐवज असतो, बाई. आज घरच्या माणसाला लिहिलेले वाक्य उद्या दिवाणी न्यायालयात प्रतिवादीचा वकील वाचून दाखवितो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भाची : मामा, तुमच्या चार ओळी खोट्या नाहीत, पण ज्याने सहा किंवा बारा लाख रुपये घातले त्याच्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही. पैसे कोठे गेले, दोन वर्षे कशात गेली, पुढे किती लागणार आणि शेवटी हातात किती जमीन येणार, हे चार प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ते प्रश्न पत्राने टाळले तर ते दूरध्वनीवर येतील, आणि तेथे तुम्ही एकाला एक व मी दुसऱ्याला दुसरे सांगितले असे होईल.

मामा : बरे, विलंबापासून आरंभ कर. लोकांचा पहिला समज असा, की सरकारने बिनशेतीची परवानगीच काढून टाकली, मग आपले काम अडले कशाला?

हा समज निराधार नाही, म्हणूनच तो खोडणे अवघड. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४४ प्रमाणे पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून परवानगी मिळवावी लागे. २०१७ मध्ये संहितेत कलम ४२-ब आले, आणि अंतिम विकास योजना प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रात योजनेने ठरविलेल्या वापरासाठी ही स्वतंत्र परवानगी अनावश्यक झाली. महसूल अधिकाऱ्याने रूपांतरण कर व अकृषिक आकारणी ठरवून द्यावी, खातेदाराने ती भरावी, आणि भरल्याचे चलान हाच वापर बदलल्याचा पुरावा मानावा, अशी ही सोपी वाट तेव्हा होती. परंतु या वाटेच्या तोंडाशी उभे राहण्यापूर्वी जमिनीचा हक्क निर्वेध असावा लागे. रक्कम ठरविणारा अधिकारी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना प्रथम पाही, आणि आमच्या सातबाऱ्यावर त्या रकान्यात कुळकायदा कलम ४३ च्या बंधनाचा शेरा होता.

मामा : हा शेरा काय आहे ते पत्रात नीट लिही, कारण नागपूरच्यांना ती जमीन ‘सरकारी’ वाटू लागली आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कुळे कसत असलेल्या जमिनींची मालक झाली असे कायद्याने मानले, आणि मग कलम ३२-ग खाली किंमत ठरली, ती हप्त्यांनी वसूल झाली, व शेवटी कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. अशा रीतीने मिळालेली जमीन कुळाने लगोलग विकून टाकू नये म्हणून कलम ४३ चे बंधन. आपल्याला विकणाऱ्याचे आजोबा हे मूळ कूळ. प्रमाणपत्र त्यांना १९६८ सालीच मिळाले होते.

भाची : आणि २०१४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री करता येते, पूर्वपरवानगी लागत नाही. आपल्या गटाचा आकार ७ रुपये ३५ पैसे. चाळीस पट म्हणजे २९४ रुपये. विकणाऱ्याने ते खरेदीपूर्वीच भरले होते. मग २९४ रुपये भरलेले असूनही वर्ष गेले, हे पत्रात स्पष्ट आले पाहिजे.

मामा : ते वाक्य तसे लिहू नकोस. वाचणाऱ्याला वाटेल की कचेरीने २९४ रुपयांसाठी अडवून धरले. पैसे सरकारजमा होणे ही एक गोष्ट आणि अधिकार अभिलेखातून शेरा जाणे ही दुसरी. चलान भरले म्हणून शेरा आपोआप जात नाही. खरेदीखताच्या प्रस्तावनेत चलानाचा क्रमांक होता, प्रत जोडलेली नव्हती. ती जुनी प्रत मिळविणे, जमा झालेल्या रकमेची कोषागाराकडून पडताळणी करून घेणे, १९६८ च्या प्रमाणपत्राची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातील बस्त्यांतून शोधून काढणे, या तीन गोष्टींना वेळ लागला. तहसीलदारांना त्या रकमेशी कर्तव्य नव्हते. दहा वर्षे खरोखर उलटली होती काय आणि घेणारे शेतकरी होते काय, हे त्यांना कागदावर पाहायचे होते. आदेश नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. मग तलाठ्याने फेरफार धरला, हितसंबंधितांना नोटिसा गेल्या, हरकतीची मुदत संपली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला. फेब्रुवारी २०२३ चा सातबारा पाहा, रकाना कोरा आहे.

मसुद्यात मी मामांचा हा क्रम जसाच्या तसा घेतला आणि आकडाही ठेवला. रक्कम एवढी अल्प असता विलंब एवढा मोठा का, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर देणारी वाक्ये शेजारीच असली म्हणजे तो आकडा कोणावर आरोप करीत नाही. पत्रासोबत खरेदीच्या वेळचा व फेब्रुवारी २०२३ चा, असे दोन्ही सातबारे जोडावयाचे ठरले, कारण ‘इतर हक्क’ या रकान्यातील फरक ज्याला शेतीच्या कागदांची सवय नाही त्यालाही दिसतो.

मोजणीच्या बाबतीत मात्र मतभेद अधिक तीव्र झाला. रेखांकनाचा नकाशा हद्दकायम मोजणीच्या आधारावर काढावा लागतो. मे २०२३ मध्ये उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाचा भूकरमापक आला, लगतच्या खातेदारांना नोटिसा मिळालेल्याच होत्या, आणि मोजणी झाल्यावर ‘क’ प्रत हाती आली तेव्हा पूर्वेकडील बांधालगतची दीड आर जमीन लगतच्या खातेदाराच्या वहिवाटीत असल्याचे त्या नकाशात तुटक रेषेने दाखविलेले होते. त्या खातेदाराने मोजणीवर हरकत घेतली.

भाची : हे लिहावेच लागेल. सातबाऱ्यावर ८० आर आणि ताब्यात साडेअठ्ठ्याहत्तर, ही गोष्ट हिस्सेदारांपासून लपविण्याचा अधिकार आपल्याला नाही. पूर्वीपासूनच बांध तसा आहे, आपण जमीन घेतली तेव्हाही तसाच होता, असे लिहिले म्हणजे आपण काही गमावले नाही हेही त्यांना कळेल.

मामा : नेमके तेच वाक्य लिहायचे नाही! मुदतीचा कायदा, १९६३ यात अनुच्छेद ६५ आहे. बारा वर्षांहून अधिक काळ, मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ताबा ठेवल्याचे कोणी शाबीत केले तर मालकाचा ताबा मागण्याचा हक्क बुडू शकतो. ‘पूर्वीपासूनच’ असा शब्द आपल्या सहीने गेला की त्याचे अर्धे काम आपणच करून दिले. तू स्वतः पूर्वी कधी तो बांध पाहिला होतास का? नाही. मग जे तुला ठाऊक नाही ते लिहू नकोस. ‘क’ प्रतीत काय दाखविले आहे तेवढे लिही, आणि त्या क्षेत्रावरील आपला हक्क अबाधित व कायम आहे असे एक वाक्य घाल.

भाची : हे मला पटते. पण मग त्या दीड आराचे करायचे काय, हे हिस्सेदारांना विचारले पाहिजे. ते आपण दोघांनी ठरविण्याचे काम नव्हे.

मामा : मार्ग दोन. निमताना मोजणी मागायची, म्हणजे वरिष्ठाकडून फेरमोजणी; ती होईपर्यंत रेखांकन थांबणार, आणि तीही लगतच्या खातेदाराने अमान्य केली तर दिवाणी दावा. नाहीतर ती पट्टी रेखांकनातून वगळून साडेअठ्ठ्याहत्तर आरांचे रेखांकन दाखल करायचे. पट्टी समाईक नावावर शेतीच म्हणून राहील, तिचा वाद वेगळा चालेल, आणि बाकीचे काम अडणार नाही. माझे मत दुसऱ्या मार्गाला आहे. पण वगळणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे नकाशावर व पत्रात दोन्हीकडे स्पष्ट हवे.

येथे मामांच्या सावधगिरीचे मोल मला पूर्णपणे उमगले. भाचीचा आग्रह सर्व सांगण्याचा होता आणि मामांचा आग्रह जे पाहिले तेवढेच सांगण्याचा. हे दोन आग्रह परस्परविरुद्ध वाटतात खरे, परंतु पट्टीविषयीच्या परिच्छेदात ते दोन्ही पाळता आले. नकाशात काय आहे ते सांगितले, त्याचा इतिहास सांगितला नाही, आणि पुढील निर्णय सर्वांवर सोपविला.

क्षेत्राच्या प्रश्नावर मात्र भाचीने एक पाऊलही मागे घेतले नाही, आणि माझ्या मते पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. आठ हिस्से व ८० आर, म्हणून हिस्सेदार आपल्या मनात हिस्स्यास १० आर, म्हणजे बोलण्यात दहा गुंठे, असे धरून बसलेले होते. शेताची वाटणी झाली असती तर ते बरोबरही ठरले असते. भूखंडांची वाटणी तशी होत नाही.

भाची : मी वास्तुविशारदांच्या मसुदा नकाशावरून हिशेब केला आहे. पट्टी वगळून ७८.५ आर. मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४० आरांहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते, ते ७.८५ आर. आतला रस्ता नऊ मीटर रुंदीचा आणि दीडशे मीटर लांबीचा, त्यात १३.५ आर जातात. उरतात ५७.१५ आर. त्याला आठाने भागिले तर हिस्स्यास ७.१४ आर. ज्याने दहा गुंठे गृहीत धरले त्याच्या पदरात सात गुंठ्यांच्या आसपास पडणार. हे भूखंड वाटण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

मामा : हे वाचून कोणी घाबरून आपला हिस्सा विकायला काढील, त्याचे काय?

भाची : काढो. ज्याला सात आर परवडत नाहीत त्याला ते आजच कळू द्या. रस्त्याचे पैसे भरून झाल्यावर कळले तर तो आपल्याला दोष देईल, आणि तो दोष रास्त असेल. शिवाय मोकळी जागा आणि रस्ता ही कोणाची चोरी नव्हे. रस्त्यावाचून भूखंड म्हणजे पुन्हा शेतच.

यानंतर जमाखर्चाचा भाग आला. तिने तो असा मांडला की मला त्यात फेरफार करावासा वाटला नाही. जमिनीची किंमत ४८ लाख, म्हणजे हिस्स्यास ६ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व शोध-अहवालासह वकिलांचे शुल्क मिळून ३ लाख ६० हजार, म्हणजे हिस्स्यास ४५ हजार. त्यानंतर कामासाठी हिस्स्यास ५० हजार याप्रमाणे ४ लाख जमा झाले. त्यांतून मोजणीस ३८ हजार, वास्तुविशारदास १ लाख १० हजार, हद्दीचे दगड व तारेचे कुंपण यांस १ लाख ६२ हजार, नकला-प्रवास-किरकोळ २६ हजार, असे ३ लाख ३६ हजार खर्च पडले व ६४ हजार बँकेत शिल्लक आहेत. खर्च हिस्स्यास ४२ हजार.

भाची : म्हणजे आजवर हिस्स्यामागे ६ लाख ८७ हजार गेले. हे दहा आरांवर भागले तर आरास ६८,७०० पडतात, आणि खऱ्या ७.१४ आरांवर भागले तर ९६ हजारांच्या वर जातात. पुढे रस्ता, गटार, पाणी व विजेचे खांब यांचा ठेकेदाराचा अंदाज ११ लाख २० हजारांचा आहे, हिस्स्यास १ लाख ४० हजार. तो धरला तर तयार भूखंड आरास १ लाख १६ हजारांच्या आसपास जाईल, आणि त्यात रूपांतरण कर, अकृषिक आकारणी व नगरपरिषदेचे विकास शुल्क धरलेले नाही, कारण ते आकडे त्या त्या कार्यालयाने ठरवून दिल्यावरच कळतील.

मामा : न धरलेल्या रकमा वेगळ्या लिहिल्यास हे उत्तम. अंदाजाला अंदाजच म्हण. आणि एक पाहा, खर्च हिश्श्यांच्या प्रमाणात वाटला आहेस की माणसांच्या?

भाची : हिश्श्यांच्या. ज्याचे दोन हिस्से त्याच्याकडून दुप्पट.

मामा : योग्य. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ चेही तेच तत्त्व आहे. जो जितका पैसा घालील त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि प्रमाण दाखविणारा पुरावा नसेल तर सर्वांचा हिस्सा सारखा मानतात. म्हणून खरेदीखतात हिस्से लिहिले हे चांगले झाले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्गणीचीही पावती त्याच प्रमाणात असली पाहिजे. एखाद्याने दोन वर्षे पैसे दिले नाहीत आणि दुसऱ्याने त्याचे भरले, तर ते कर्ज की हिस्सा, असला तंटा पुढे उठतो.

बाहेर पडू इच्छिणाऱ्या हिस्सेदाराविषयी पत्रात काही असावे की नाही, यावर पुन्हा थोडी तणातणी झाली. मामांचे म्हणणे, ज्याने विषय काढला नाही त्याच्या डोक्यात तो घालू नये. भाचीचे म्हणणे, नागपूरकरांनी तो विषय तिच्याजवळ आधीच काढलेला आहे. कायद्याने कोणताही सहधारक आपला अविभक्त हिस्सा परक्यासही विकू शकतो; आपसांत नात्याने वा वारसाने बांधलेले नसलेल्या खरेदीदारांना एकमेकांचे हिस्से प्रथम विकत घेण्याचा आपोआप मिळणारा हक्क नाही, तो करारानेच निर्माण करावा लागतो. म्हणून हिस्सा विकावयाचा असल्यास प्रथम इतर पाच जणांस लेखी देकार करावा, साठ दिवसांत कोणी न घेतल्यास बाहेर विकावा, असा सहा जणांच्या सह्यांचा करारनामा पत्रासोबत मसुद्याच्या स्वरूपात पाठवावयाचे ठरले. कोणी वाटणीचा दावा आणला आणि मोकळ्या जागेच्या व रस्त्याच्या प्रश्नावर वाटणी होणे शक्य नाही असे न्यायालयास वाटले, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली सबंध जमीन विकून पैसे वाटण्याचा आदेशही होऊ शकतो. करारनामा करण्याचे हे दुसरे कारण.

मामांनी येथे दोन ताकिदी मात्र अगदी ठळक घालण्यास सांगितले. पहिली, कोणीही आताच कोपऱ्यात पत्र्याची खोली वा दुकान उभारू नये, कारण आकारणी व मंजुरीपूर्वी केलेला अकृषिक वापर जमीन महसूल संहितेच्या कलम ४५ खाली दंडास पात्र होतो आणि तो दंड सर्वांच्या समाईक खात्यावर बसतो. दुसरी, कोणीही आपल्या हिस्स्यातून गुंठा-दोन गुंठे मुद्रांक कागदावर लिहून देऊन विकू नयेत. गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे, तो पुढेही नेहमी तारेल, असे गावात सांगणारे पुष्कळ आहेत; २०२१ च्या दुरुस्तीनेही त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच नेली आहे, आणि आपली खरेदी त्यानंतरची आहे.

मामा : आता पुढच्या पायऱ्या. तारखा देऊ नकोस. तारीख चुकली की सारे पत्र खोटे ठरते.

भाची : तारखा नकोत, कबूल. पण प्रत्येक पायरी कोणाच्या हातात आहे आणि कोणता कागद आला म्हणजे ती संपली, एवढे लिहिलेच पाहिजे. ‘काम चालू आहे’ हे वाक्य मला या पत्रात एकदाही नको. दूर असलेल्या माणसाने उद्या विचारले, तर त्याने कागदाचे नाव घेऊन विचारावे.

मामा : मग असे लिही. पट्टीचा निर्णय आपल्या हातात. त्याचा कागद म्हणजे सहाही जणांच्या सह्यांचे उत्तर. मग रेखांकन नगरपरिषदेकडे. नगररचना विभागाच्या छाननीनंतर हाती येईल ती तात्पुरती मंजुरी. मग तहसीलकडून रूपांतरण कर व आकारणीचे पत्र, पैसे भरल्यावर चलान. मग जागेवर रस्ता व भूखंडांची आखणी, भूमी अभिलेखची बिनशेती मोजणी, आणि मग अंतिम रेखांकन. पुढे कमी-जास्त पत्रक. याच कागदाने मूळ गटाचे क्षेत्र कमी होऊन प्रत्येक भूखंडाला स्वतंत्र क्षेत्र व आकार लागतो. ते तयार झाल्यावाचून भूखंडाचा वेगळा सातबारा निघत नाही. पुष्कळ लोक अंतिम रेखांकनावर समाधान मानतात आणि कमी-जास्त पत्रक राहून जाते. मग विकायला गेले की कळते, सातबारा अजून समाईकच आहे. आणि शेवटी नोंदणीकृत वाटणीपत्र.

भाची : वाटणीपत्राच्या आधी भूखंड कोणाला कोणता, हे कसे ठरणार? रस्त्याकडेचा कोपऱ्याचा भूखंड आणि मोकळ्या जागेमागचा भूखंड यांचे क्षेत्र सारखे असले तरी किंमत सारखी नाही.

मामा : त्रयस्थ मूल्यमापकाकडून प्रत्येक भूखंडाचे मोल ठरवून घ्यायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याला अधिक मोलाचा आला त्याने फरक भरायचा. हेही आजच लिही. चिठ्ठी निघाल्यावर नियम ठरविला तर तो कोणी मानणार नाही.

एक गोष्ट उरली होती, मुखत्यारपत्राची. रेखांकनापासून मोजणीपर्यंत प्रत्येक अर्जावर सहाही खातेदारांच्या सह्या लागतात, आणि मुंबई-नागपुराहून एका सहीसाठी कागद फिरविण्यात महिना-महिना जातो, हे विलंबाचे आणखी एक कारण होतेच. मामांना एकच कुलमुखत्यारपत्र हवे होते, म्हणजे पुन्हा त्रास नको. भाचीने त्यास स्पष्ट नकार दिला. मोजणी, रेखांकन, कर भरणे, नकला घेणे व हरकतींना उत्तर देणे एवढ्याच कामांपुरते, विक्री, गहाण व भूखंडांचे वाटप यांचा अधिकार वगळलेले, मर्यादित मुखत्यारपत्र असावे असे तिचे म्हणणे. मामांच्या हेतूविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, तशी माझ्याही मनात नाही. तरीही दूरच्या माणसास विक्रीचा अधिकार देण्याची विनंती करणारे पत्र तो दोनदा वाचतो, आणि दुसऱ्या वाचनात त्याला लिहिणाऱ्याविषयी संशय येतो. मी भाचीच्या बाजूस मत दिले, आणि मामांनीही ते मानले.

पत्राचा शेवटचा परिच्छेद मग तिघांनी मिळून लिहिला. त्यात हिस्सेदारांस तीनच गोष्टी मागितल्या आहेत : पट्टी वगळून रेखांकन दाखल करण्यास संमती आहे की निमताना मोजणी हवी, याचे लेखी उत्तर, मर्यादित मुखत्यारपत्रावर सही, आणि देकाराच्या करारनाम्याच्या मसुद्यावर दुरुस्त्या असल्यास त्या. रस्त्यासाठीचे हिस्स्यामागील १ लाख ४० हजार आज मागितलेले नाहीत. तात्पुरती मंजुरी हाती येईल, तिची प्रत प्रत्येकास पोहोचेल, आणि त्यानंतरच ती वर्गणी मागितली जाईल, असे तेथे लिहिले. तोपर्यंतची छाननी फी बँकेतील ६४ हजारांतून भागेल.

मामांनी पत्र एकदा पुरते वाचले, ‘पूर्वीपासून’ हा शब्द कोठे राहिला नाही याची खात्री करून घेतली, आणि पहिली सही केली.